प्रत्येक पानावरची आद्याक्षरे

फ्रान्समध्ये नोकरी ठरली की कंपनीकडून एक छोटा ईमेल येतो. नमस्कार, मग 'सोबत आपला करार जोडला आहे', मग एकच सूचना: प्रत्येक पानावर आद्याक्षरे घालून, शेवटच्या पानावर तारीख आणि सही करून अमुक तारखेच्या आत परत पाठवावा. शेवटी 'कोर्दियालमाँ', म्हणजे स्नेहपूर्वक. सगळे मिळून पाच-सहा ओळी. पुणे-मुंबईतून शिकायला गेलेल्या अनेक मुलांना असा ईमेल येतो, आणि त्या एका सूचनेत तीन वेगवेगळी कामे आहेत हे बऱ्याचदा घाईत निसटते.

पहिले काम 'पाराफे' करणे. नाव आणि आडनाव यांची आद्याक्षरे पानाच्या खालच्या कोपऱ्यात, शक्यतो प्रत्येक पानावर एकाच वळणाची. सही शेवटच्या पानावर असते, त्यामुळे आधीची पाने कोणी बदलली तर सहीवरून ते कळत नाही. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंची आद्याक्षरे असली की बदललेले पान लगेच उघडे पडते. खासगी करारात एरवी कायदा ही आद्याक्षरे मागत नाही. एखादे पान राहून गेले म्हणून करार रद्द होत नाही. पण उद्या त्याच पानावरून वाद झाला तर पुरावा लंगडा पडतो.

समजा, लिऑनमध्ये एका मुलीला आठ महिन्यांची मुदतबंद नोकरी मिळाली. करार चार पानांचा आणि कामाच्या वेळांचे दोन पानी परिशिष्ट. पहिल्या तीन पानांवर आद्याक्षरे, चौथ्यावर तारीख आणि सही, परिशिष्टाच्या दोन्ही पानांवर पुन्हा आद्याक्षरे. प्रती दोन, कारण फ्रेंच नागरी संहितेचे कलम 1375 सांगते की दोघांनी एकमेकांना बांधून घेतलेल्या कागदी करारात जितके पक्ष तितक्या मूळ प्रती हव्यात आणि किती प्रती केल्या ते प्रत्येक प्रतीवर लिहिलेले हवे. म्हणजे तिला दहा ठिकाणी आद्याक्षरे आणि दोन सह्या करायच्या आहेत. हमखास विसरतात ती परिशिष्टाची पाने, आणि पगाराचा तपशील किंवा कामाच्या वेळा बहुधा तिथेच असतात.

तारखेची ओळ साधारण छापलेलीच असते: 'फे आ', पुढे गावाचे नाव, मग तारीख. ज्या दिवशी सही केली तीच तारीख घालावी. करार आधीच झाला होता असे दिसावे म्हणून कोणी मागची तारीख घालायला सांगितले तर नकार द्यावा. मुदतबंद करार रुजू झाल्यापासून दोन कामाच्या दिवसांत कर्मचाऱ्याच्या हाती पडला पाहिजे असा तिथला कामगार कायदा आहे. उशीर झाला तर मालकाला एक महिन्याच्या पगारापर्यंत भरपाई द्यावी लागू शकते. मागची तारीख घातली की हा उशीर कागदावरून पुसला जातो आणि त्याबरोबर आपला हक्कही. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहिलेला बरा. फ्रेंच लोक 7 च्या मध्ये आडवी रेघ मारतात आणि 1 ला वर लांब शेंडी काढतात, त्यामुळे आपला साधा 7 त्यांना 1 वाटू शकतो.

सहीच्या वर 'ल्यु ए आप्रुव्हे', म्हणजे वाचले आणि मान्य आहे, असे हाताने लिहायला अनेक ईमेल सांगतात. या शब्दांना स्वतंत्र कायदेशीर वजन नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. बांधून ठेवते ती सही. कंपनीने मागितले तर लिहावे, राहिले तर घाबरू नये.

छापील मजकुरात काही चूक दिसली, उदाहरणार्थ नावाचे स्पेलिंग किंवा पगाराचा आकडा, तर ती स्वतः खोडून, सही करून पाठवू नये. आधी ईमेलला उत्तर देऊन दुरुस्त प्रत मागावी. वेळच नसेल तर खोडलेल्या जागेशेजारी समासात दोघांचीही आद्याक्षरे हवीत. एकाच बाजूची असली तर ती दुरुस्ती दुसऱ्याने मान्य केली हे सिद्ध करणे अवघड होते.

आता बऱ्याच कंपन्या कागदाऐवजी ऑनलाइन सहीची लिंक पाठवतात. तिथे सही होताच संपूर्ण फाइल एकत्र मोहोरबंद होते. नंतर एक अक्षर बदलले तरी तपासणीत कळते, म्हणून पानोपानी आद्याक्षरांची गरज उरत नाही. ईमेलमध्ये मात्र जुनीच सूचना तशीच राहिलेली असते.

छापून, सही करून, स्कॅन करून पाठवायचे असेल तर सहीचे एकटे पान पाठवू नका, सगळी पाने क्रमाने एकाच फाइलमध्ये पाठवा. आणि उत्तरात, कंपनीची सही झालेली आपली प्रत कधी मिळेल, हे विचारायला विसरू नका.