असेल, पण केव्हा?

दारावरची घंटा वाजते आणि इटालियन माणूस म्हणतो, ‘सारा मार्को.’ शब्दशः ‘मार्को असेल.’ क्रियापद भविष्यकाळाचं, पण मार्को आत्ता दारात उभा आहे असा हा अंदाज. मराठीला तो सहज पेलतो, कारण आपलं ‘असेल’ही नेमकं हेच करतं. इंग्रजीत बहुधा ‘मस्ट बी’ वापरतात. त्यात खात्री थोडी जास्त डोकावते.

खरी अडचण इतर क्रियापदांत येते. ‘दोर्मिरा’ म्हणजे ‘झोपेल’ही आणि ‘झोपला असेल’ही. मराठीला यातलं एक निवडावंच लागतं. शेजारी ‘दोमानी’, म्हणजे उद्या, असेल तर ‘झोपेल’. ‘आ क्वेस्तोरा’, म्हणजे या वेळी, असेल तर बहुधा ‘झोपला असेल’. रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा बेत चालला असताना अनुवादकाने ‘तो झोपेल’ लिहिलं, की संवादच कोसळतो.

माझा सर्वांत आवडता प्रयोग मात्र वेगळा: ‘सारा इंतेलिजेंते, मा…’ इथे अंदाज नाही, वादापुरती कबुली आहे. इंग्रजी ‘मे बी’कडे वळते. मराठीत क्रियापद पुढे आणलं की पुरतं: ‘असेल हुशार, पण…’