दुःखाविषयी लिहिताना



मागील अंकासाठी मी एका आईविषयी लिहिले होते. तिचा तरुण मुलगा भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाने गेला. माझा पहिला मसुदा असा होता: ‘मुलाच्या मृत्यूने ही भगिनी नैराश्याच्या आजाराने ग्रासली होती, पण प्रार्थनेने ती आता पूर्ण सावरली आहे.’ वाचायला बरे वाटते. पण त्यातले एकही विधान मला करता येण्यासारखे नव्हते.

‘नैराश्य’ हे निदान आहे, आणि ते डॉक्टरांनी करायचे असते. मुलगा जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे. पण त्यासाठीही किमान सहा महिने जावे लागतात, आणि त्या समाजाच्या रीतीपेक्षा तो शोक फार वेगळा आहे का, हेही पाहावे लागते. मी तर दोनदाच तिच्या ओट्यावर बसले होते.

म्हणून मी जे पाहिले तेवढेच लिहिले. ‘ती रात्री उठून दार उघडते. संध्याकाळी त्याच्या वाटणीची भाकरी चुकून थापली जाते. पाहुणे आले की ती बोलते, ते गेले की गप्प होते.’ ‘सावरली’ हा शब्द काढून ‘या आठवड्यात ती दोन दिवस शेतावर गेली’ असे घातले. पुढच्या आठवड्यात ती गेली नाही तर ते वाक्य खोटे ठरत नाही. ‘सावरली’ खोटे ठरते, आणि मग आपला विश्वासच कमी पडला, असे तिला वाटत राहते.

‘देवाने त्याला बोलावून घेतले’ हेही खोडले. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ठीक होते. कारणे सांगायला लागले तिथे बिघडले.

मग मजकूर तिला वाचून दाखवला. नाव बदलले होते, पण लहानशा पाड्यात साप चावून गेलेला मुलगा एकच असतो. भाकरीचे वाक्य ऐकून ती म्हणाली, “ताई, हे नको लिहू. सून वाचेल.” ते वाक्य छापले नाही. आज ते तिला विचारून लिहिते आहे. सुनेला तिने स्वतःच सांगितले.

निदान करायचे नाही याचा अर्थ गप्प राहायचे असा मात्र नाही. कुणी ‘मला जगायचे नाही’ म्हणाले, किंवा खाणेपिणेच सोडले, तर आमचे कार्यकर्ते लेखणी बाजूला ठेवतात, त्या माणसाला एकटे सोडत नाहीत आणि आरोग्य केंद्रात सोबत जातात. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते आणि फोनला पैसे पडत नाहीत.

त्या आईकडे मी पुढच्या गुरुवारी जाणार आहे. वही नेणार नाही.