तक्रारपत्राची खरी परीक्षा ‘विषया’त

दहावीच्या वहीत तक्रारपत्राचा विषय हमखास असा असतो: ‘पाण्याबाबत.’ पाणी येत नाही, गढूळ येते की रस्त्यावर वाहते? नगरपालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याला काहीच कळत नाही. दुरुस्त विषय असा: ‘गांधी चौकातील फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करण्याबाबत.’ ठिकाण, बिघाड, मागणी तिन्ही एका ओळीत.

मजकुरात मग गळती कधीपासून आहे आणि आधी कुठे कळवले, एवढेच सांगावे. ‘तुम्ही झोपला आहात का?’ हे वाक्य खोडावे. ‘प्रति’खाली नावाऐवजी पदनाम येते, कारण अधिकारी बदलतात. शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ लिहिणारे बरेच. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज असेल तर ते शोभते. नगरपालिकेला लिहिणारा नागरिक असतो, म्हणून ‘आपला विश्वासू’. त्याखाली नाव, पूर्ण पत्ता.