आबा परत कधी येणार?
लेखमाला : लहानांचे अवघड प्रश्न – भाग सातवा

मागच्या भागात आपण ‘बाळ कुठून येतं?’ या प्रश्नाबद्दल बोललो. आज त्याच्या दुसऱ्या टोकाचा प्रश्न घेऊ. घरातलं माणूस वारलं, तर तीन ते सात वर्षांच्या मुलाला ते कसं सांगायचं?

मलकापूर-कराडकडची मुलं प्रीतिसंगमाच्या बागेत खेळायला जातात. तिथं यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. समाधीपुढं उभं राहून एखादं मूल विचारतं, “इथं कोण आहे?” आणि आपण सहज सांगतो, “साहेब इथं झोपलेत.” खरं उत्तरही तितकंच सोपं आहे : ते मोठे पुढारी होते, १९८४ साली वारले, त्यांची आठवण म्हणून ही जागा बांधली. घरात दुःख नसताना अशी दोन वाक्यं बोलायची सवय असली, तर वेळ आल्यावर जीभ अडत नाही.

आता मलकापुरातलंच एक घर कल्पनेनं डोळ्यांसमोर आणू. आबा बरेच दिवस दवाखान्यात होते, पहाटे तिथंच वारले. नात पाच वर्षांची. ती उठते तेव्हा घरात रडारड, दारात चपलांचा ढीग. शेजारच्या काकू तिला जवळ घेऊन म्हणतात, “आबा देवाघरी गेले, बाळा.” आत्या म्हणते, “गावाला गेलेत, येतील.” कुणी म्हणतं, “शांत झोपलेत बघ.” सगळे मायेनंच बोलतात. पण या वयाचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून ते दाराकडं डोळे लावून बसतं. झोपलेले आबा उठले नाहीत, म्हणून रात्री अंथरुणाला पाठ टेकवायला घाबरतं. देवानं नेलं म्हटलं, तर उद्या देव आईलाही नेईल या धास्तीनं देव्हाऱ्यासमोर जात नाही.

म्हणून पहिलं काम आईनं किंवा बाबांनी करायचं. लोकांची गर्दी वाढण्याआधी मुलीला आतल्या खोलीत न्यायचं, मांडीवर किंवा शेजारी बसवायचं आणि थोडक्यात सांगायचं : “एक वाईट गोष्ट झालीय. आबा वारले. वारले म्हणजे त्यांचा मृत्यू झाला, ते मेले. त्यांचं शरीर कायमचं थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही. ते परत येणार नाहीत. आम्हाला खूप वाईट वाटतंय, म्हणून आम्ही रडतोय.” एवढं बोलून थांबायचं.

‘मेले’ हा शब्द आपल्या तोंडून सहज निघत नाही. मोठ्या माणसाबद्दल तो अनादराचा वाटतो, शिवीतही येतो. पण ‘वारले’, ‘निधन झालं’ यांचा अर्थ पाच वर्षांच्या मुलीला ठाऊक नसतो. मेलेली मुंगी मात्र तिनं पाहिलेली असते. म्हणून बोलताना ‘वारले’ म्हणावं, पण एकदा तरी त्याचा अर्थ तिच्या ओळखीच्या शब्दात सांगावा.

मृत्यू समजणं म्हणजे मुलाच्या दृष्टीनं चार गोष्टी समजणं. मेलेलं परत येत नाही. त्याच्या शरीराचं सगळं काम थांबतं. प्रत्येक जिवाला कधी ना कधी मरण आहे. आणि त्यामागं शरीरातलं काही कारण असतं. बहुतेक मुलांना हे सगळं नीट उमगायला पाच ते सात वर्षांचं वय यावं लागतं, काहींना त्याहून उशीर लागतो. त्यामुळे सकाळी सगळं ऐकलेली नात संध्याकाळी विचारते, “आबा जेवायला कधी येणार?” तिनं ऐकलं नव्हतं असं नाही. तेच उत्तर, त्याच शब्दांत, न चिडता पुन्हा द्यायचं. कधी ती ढसाढसा रडेल आणि पाच मिनिटांत अंगणात खेळायला पळेल. लहान मुलांचं दुःख असंच तुकड्यातुकड्यांनी येतं. त्याला निष्ठुरपणा समजू नये.

कारण सांगताना जपायला हवं. “आजारी होते म्हणून वारले” एवढंच सांगितलं, तर पुढच्या सर्दीत तिला मरणाची भीती वाटेल. “आबांचं हृदय खूप खूप आजारी होतं, डॉक्टरांनी औषधं दिली तरी ते बरं होऊ शकलं नाही. आपल्याला सर्दी-ताप येतो तो वेगळा, तो बरा होतो,” असं फरक करून सांगावं. आणि तिनं विचारलं नाही तरी एक वाक्य आपणहून बोलावं : “हे तुझ्यामुळे झालं नाही.” आपण आबांवर रागावलो, त्यांचा चष्मा लपवला, म्हणून ते मेले, असं या वयाच्या मुलांना खरोखर वाटतं आणि ती ते कुणाला बोलून दाखवत नाहीत.

अमेरिकेतल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या मालिकेवर हीच वेळ आली होती. दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले. नवा नट आणणं किंवा ‘ते दूर राहायला गेले’ म्हणणं सोपं होतं. निर्मात्यांनी मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला आणि २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात सरळ सांगितलं की हूपर मेले आणि मेलेली माणसं परत येत नाहीत. मुलांच्या घरी मोठी माणसं असतील असा सुट्टीचा दिवस त्यांनी प्रक्षेपणासाठी निवडला.

आपल्याकडं पुढचा प्रश्न ‘माती’चा. सातारा-सांगलीकडं अंत्यविधीला ‘माती’ म्हणतात आणि प्रत्यक्षात बहुतेक घरांत दहन होतं, त्यामुळे मूल गोंधळतं. मुलीला आबांचं शेवटचं दर्शन घ्यायचं असेल, तर आधी सांगावं : “आबा हलणार नाहीत, त्यांचं अंग गार लागेल, नाकात कापूस असेल.” जायचं नसेल तर जबरदस्ती नको. दहनाबद्दल विचारलं तर खरं सांगावं : “मेलेल्या शरीराला काहीच जाणवत नाही, म्हणून त्याला चटका लागत नाही. नंतर राख उरते.” जाणवत नाही हे आधी, अग्नी नंतर. हा क्रम उलटला तर भीती बसते. सावडण्याला राख गोळा करतात, दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात. “कावळ्यात आबा आलेत” असं म्हटलं, तर ती प्रत्येक कावळ्याला हाका मारेल. “आबांची आठवण काढायची ही आपली रीत आहे” एवढं पुरतं. देव, आत्मा, स्वर्ग यांवर घराची श्रद्धा असेल तर तीही जरूर सांगावी, पण शरीराचं सत्य सांगून झाल्यावर आणि “आपण असं मानतो” अशा शब्दांत.

“आई, तू पण मरशील?” हा प्रश्न येणारच. “कधीच नाही” हे वचन कुणालाच पाळता येत नाही. “सगळे कधीतरी मरतात. मला पुष्कळ वर्षं जगायचंय. आणि काही झालं तरी बाबा, आजी, मामा, कुणी ना कुणी तुझी काळजी घ्यायला असेल,” हे उत्तर खरंही आहे आणि तिला आधारही देतं.

काही दिवस अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं, झोपेत दचकणं हे स्वाभाविक आहे. आठवड्यामागून आठवडे खाणं-झोप बिघडलेली राहिली, खेळ बंद झाला किंवा “मलाही आबांकडं जायचंय” असं मूल वारंवार म्हणू लागलं, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. सरकारच्या ‘टेली मानस’ या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

वाचकांना एकच विनंती. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातच हळू आवाजात सांगा : “पोरीला आम्ही आबा वारल्याचं सांगितलंय, तुम्हीही तेच म्हणा.” घरातले सगळे एकच बोलले, की मुलाला कुणाचं खरं मानायचं हे कोडं उरत नाही.