चौकट शेवटी कापा

फळ्याचा फोटो काढला की बहुतेकांचा हात आधी क्रॉपकडे जातो, आणि सर्वांत आधी कापली जाते ती ॲल्युमिनियमची चौकट. खरं तर ती शेवटी कापायची.

बाजूला उभं राहून फोटो काढला की फळ्याची लांबची कड जवळच्या कडेपेक्षा आखूड दिसते आणि ओळी एका टोकाला निमुळत्या होतात. त्या सरळ करायला चार भरवशाचे कोपरे लागतात. लिहिणाऱ्याच्या ओळी मुळातच वर-खाली गेलेल्या असतात, त्यांचा उपयोग नाही. सरळ असते ती फक्त चौकट.

समजा, आठ बाय चार फुटांचा व्हाइटबोर्ड आहे आणि फोटो डावीकडून काढलाय. स्कॅनर ॲप चार कोपऱ्यांवर ठिपके मांडतं, पण ते अनेकदा चौकटीच्या बाहेरच्या कडेवर किंवा खालच्या डस्टरच्या पट्टीवर जाऊन बसतात. फोटो मोठा करून प्रत्येक ठिपका बोटाने आतल्या कोपऱ्यावर ओढावा. सरळ झालेलं चित्र उंचीच्या दुप्पट रुंद हवं. ॲपने ते कागदाच्या मापात कोंबलं असेल तर अक्षरं उंच, किडकिडीत होतात आणि फळ्यावरचं वर्तुळ अंड्यासारखं दिसतं. तसं झालं तर रुंदी हाताने वाढवावी.

आता मजकुराभोवती एखाद्या अक्षराएवढी मोकळी जागा ठेवून कापावं. चौकट जाते, आणि कोऱ्या कडेवर पडलेली ट्यूबलाइटची चकाकीही. उजेड आणि गडदपणा यानंतरच वाढवावा. आपोआप सुधारणा करणारं बटण चित्रातला सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत काळा भाग पाहून हिशेब करतं. चकाकी आणि चौकटीची सावली तशीच राहिली, तर ही दोन्ही टोकं त्यांनीच अडवलेली असतात. शाई फिकी ती फिकीच.

चकाकी अक्षरांवरच असेल तर कापणं हा उपाय नव्हे. फोटो गडद करून पाहा. तिथे शाईची रेघही न उमटता नुसता सपाट करडा डाग आला, तर तिथलं काहीच नोंदलं गेलेलं नाही. कुठलंही ॲप ते परत आणू शकत नाही. दोन पावलं सरकून दुसरा फोटो काढावा. चकाकी जागा बदलते, अक्षरं बदलत नाहीत. फ्लॅश मात्र बंदच बरा. त्याचा ठिपका कॅमेऱ्याच्या अगदी समोरच्या बिंदूवर पडतो, त्यामुळे फळ्यासमोर मधोमध उभा राहणारा नेमका मधला मजकूर घालवतो.

खडूच्या खरखरीत काळ्या फळ्याला हा त्रास कमी, झिजून गुळगुळीत झालेल्याला बराच. त्याच्यावर ॲपची व्हाइटबोर्डसाठीची सोय वापरू नये. ती मागचा भाग पांढरा करायला बघते, आणि इथे पांढरी आहेत ती अक्षरं.