आदल्या संध्याकाळचं उत्तर

संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते. दिल्लीहून मैत्रिणीचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात तिची यूपीएससीची मुलाखत होती. तिनं लिहिलं होतं, "डीएएफ पुन्हा उघडला आणि सगळं कोरं वाटायला लागलं. माझंच गाव, माझाच विषय, आणि एक वाक्य सुचत नाहीये."

डीएएफ म्हणजे मुख्य परीक्षेच्या वेळी उमेदवार भरतो तो तपशीलवार अर्ज. गाव, शिक्षण, नोकरी, छंद, पसंतीच्या सेवा हे सगळं त्यात असतं आणि मुलाखतीतले बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात. लेखी परीक्षा 1750 गुणांची आणि मुलाखत 275 गुणांची, असे एकूण 2025. साधारण अर्ध्या तासाचं बोलणं. ती तासगाव तालुक्यातली, घरचा द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड, शिक्षण शेतकी अभियांत्रिकीचं. तिच्या डीएएफमध्ये तिला न येणारं असं काहीच नव्हतं.

मी लगेच टाईप केलं, "अगं टेन्शन घेऊ नकोस! तुझं नक्की होणार. सगळ्या गावाचं लक्ष आहे तुझ्याकडे. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा!" पाठवण्याआधी एकदा वाचलं आणि पुसून टाकलं. त्यातलं एकही वाक्य तिनं लिहिलेल्या ओळीला उत्तर देत नव्हतं. तिनं सांगितलं होतं की कोरं वाटतंय, आणि मी तिला निकाल सांगत होते. शेवटची ओळ तर सत्काराच्या फलकावरची होती.

ही चार वाक्यं आपण सगळेच लिहितो, मनापासून लिहितो. म्हणून ती एकेक करून पाहावीशी वाटतात.

"तुझं नक्की होणार" हे ऐकायला सर्वांत गोड वाटतं, पण त्याचा भार पडतो. रॉय बाउमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1980च्या दशकात दडपणाखाली हातातलं काम का बिघडतं याचा अभ्यास केला. 1985 साली त्यानं दोन सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमका हाच फरक दिसला. आपण यशस्वी होऊ असं माणसाला स्वतःला आतून वाटत असेल तर त्याचं काम सुधारत होतं. पण त्याच्याकडून यशाची अपेक्षा इतरांनी धरली आहे आणि त्याला स्वतःला मात्र तितकी खात्री नाही, अशा वेळी काम बिघडत होतं. बघणाऱ्यांच्या नजरेत आपण कुठं आहोत याची जाणीव जागी होते आणि लक्ष हातातल्या कामावरून स्वतःवर वळतं. सहज येणारं वाक्य माणूस तोलून बोलू लागतो आणि अडखळतो.

माझ्या मैत्रिणीला त्या संध्याकाळी आतून खात्री नव्हती, हे तिनं स्वतःच सांगितलं होतं. अशा वेळी माझं "नक्की" तिच्या कामाचं नव्हतं. उद्या काही चुकलं तर आता मलाही तोंड दाखवायचं आहे, एवढंच त्यातून तिच्यापर्यंत पोहोचलं असतं. "सगळ्या गावाचं लक्ष आहे" हे तर त्याहून जड. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये चार-चार वर्षं काढलेली मुलं गावी जायचं टाळतात ते याच लक्षामुळं.

आता "टेन्शन घेऊ नकोस". छातीत धडधडत असताना कुणी शांत हो म्हटलं तर धडधड थांबत नाही. उलट आपल्याला शांत होता येत नाही ही आणखी एक काळजी वाढते. अ‍ॅलिसन वूड ब्रूक्स या संशोधिकेनं 2014 साली या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना अनोळखी माणसांसमोर गाणं म्हणायला, भाषण करायला आणि वेळ लावून गणितं सोडवायला लावलं होतं. आधी काहींनी स्वतःला सांगायचं की मी शांत आहे, काहींनी सांगायचं की मला हुरूप आला आहे. हुरूप आल्याचं सांगणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण समजायला सोपं आहे. भीतीत आणि हुरुपात शरीर जवळपास सारखंच वागतं: ठोके वाढतात, तळहात ओले होतात, झोप लवकर लागत नाही. त्या अवस्थेतून शांततेकडे जायचं तर शरीराला उलटं फिरवावं लागतं. हुरुपाकडे जायला फक्त त्या धडधडीचा अर्थ बदलावा लागतो.

तरीही "मला हुरूप आलाय असं म्हण" हा सल्ला मी तिला दिला नसता. आदल्या संध्याकाळी कुठलाच नवा उपाय देऊ नये असं माझं ठाम मत आहे. ज्याची सवय नाही ते त्या रात्री करून बघायला सांगणं म्हणजे अभ्यासात आणखी एक धडा वाढवणं. मेसेजमधून "शांत राहा" काढून टाकायचं, एवढंच मी यातून घेतलं.

मग लिहायचं काय? उद्या काय होईल ते मला माहीत नव्हतं. पण ती कशी बोलते हे मला माहीत होतं, कारण मी ते पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ढगाळ हवेत आमच्या काकांच्या शेडवरचा बेदाणा काळा पडायला लागला होता. काका औषधाच्या दुकानदाराला दोष देत होते. ही तिथं पाटावर बसली आणि त्यांना समजावू लागली. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात घड बुडवले की तो सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघतं. पण हवाच दमट असेल तर पाणी निघणार कुठं? मणी जितका जास्त वेळ ओला राहील तितका रंग जातो. काका मध्येमध्ये तोडत होते, एकदा तर रागावले. ती थांबायची, ऐकून घ्यायची आणि तिथूनच पुढं बोलायची. समोर कागद नव्हता.

मुलाखतीत तपासतात ते असंच काहीतरी. ही उलटतपासणी नाही, हेतू ठेवून केलेला नैसर्गिक संवाद आहे, असं आयोगाच्या नियमांतच म्हटलेलं आहे.

म्हणून मी लिहिलं: "काकांच्या शेडवर बेदाणा का काळा पडतो ते तू सांगितलंस तेव्हा तुझ्यापुढं डीएएफ नव्हता. काका रागावले तरी तू अडली नाहीस. मी तिथंच होते. उद्या तशीच बोल. याला उत्तर लिहू नकोस, जेव."

यात शुभेच्छा हा शब्दही नाही. असता तरी बिघडलं नसतं. आपल्याकडे परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दही-साखर ठेवतात, तेव्हा देणारी आई फारसं बोलत नाही आणि तरी सगळं पोहोचतं. मेसेजमध्ये ते दही-साखरेचं काम एखाद्या खऱ्या आठवणीला करावं लागतं. भाकीत खोटं ठरू शकतं. घडून गेलेली आणि आपण डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खोटी ठरत नाही, आणि निकाल काहीही लागला तरी ती मागं घ्यावी लागत नाही. बारावीच्या गणिताला जाणाऱ्या भाच्यालाही असं लिहिता येतं: "सराव पेपरात पहिलं गणित अडलं तेव्हा तू ते सोडून पुढं गेलास आणि शेवटी परत येऊन सोडवलंस." अशी आठवण नसेल तर ओढूनताणून रचू नये. "तुझी आठवण आहे, उद्या नीट जा" एवढं पुरतं. खोटं कौतुक वाचणाऱ्याला लगेच कळतं, आणि त्या रात्री तर जास्तच.

"उत्तर लिहू नकोस" ही ओळ मी मुद्दाम घातली होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी फोनवर शंभरेक शुभेच्छा येऊन पडतात आणि प्रत्येकीला "थँक यू" म्हणणं हे कर्तव्य होऊन बसतं. शुभेच्छांबरोबर प्रश्नही येतात. कोणता बोर्ड आलाय? खरं तर कोणत्या अध्यक्षांपुढं जायचं ते उमेदवाराला त्या दिवशी तिथं गेल्यावरच कळतं, आदल्या रात्री तिच्याकडे याचं उत्तरच नसतं. मदतीचाही एक भार असतो. नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या बार परीक्षेला बसणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास केला होता, तो 2000 साली प्रसिद्ध झाला. परीक्षेआधीचा सुमारे महिनाभर दोघांनी वेगवेगळी रोजनिशी लिहिली. जोडीदारानं आधार दिला असं लिहिलं, पण परीक्षार्थीच्या रोजनिशीत त्याची नोंदच नाही, अशा दिवसांनंतर परीक्षार्थीचं मन जास्त सावरलेलं आढळलं. आधार मिळतोय हे ठळकपणे जाणवलं की आपल्याला आधार लागतोय हेही जाणवतं. हा अभ्यास एका घरात राहणाऱ्या जोडप्यांचा होता, त्यामुळं त्यातून मेसेजचा नियम काढता येणार नाही. पण स्वयंपाकघरात गुपचूप डबा भरून ठेवणाऱ्या माणसाला जे माहीत असतं तेच त्यात आहे.

एका गोष्टीला मात्र हे लागू नाही. तिनं "फोन करशील का?" असं विचारलं असतं, तर मेसेज छोटा ठेवण्याचं हे सगळं बाजूला सारून मी फोन केला असता आणि ती बोलेल तितकं ऐकलं असतं. मागितलेली मदत लपवायची नसते.

मेसेज केव्हा जातो हेही पाहावं लागतं. आठच्या सुमारास गेला तर जेवणाआधी वाचला जातो. अकराला गेला तर मिटत आलेले डोळे पुन्हा उघडतात. आणि सकाळी नऊला तिनं धौलपूर हाउसच्या दारातून आत पाऊल टाकल्यावर कितीही चांगलं लिहिलं तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण आत फोन वापरता येत नाही. तिथल्या प्रतीक्षेच्या खोलीत सोबत असते ती फक्त वाचून झालेल्या आणि लक्षात राहिलेल्या ओळीची. लक्षात राहायला ती छोटी हवी. माझा पहिला मसुदा पाठवला असता तरी त्यातलं तिच्या लक्षात काय राहिलं असतं? "गावाचं लक्ष", बहुतेक.

त्या संध्याकाळी तिनं खरंच उत्तर पाठवलं नाही. मेसेजखालच्या दोन खुणा निळ्या झाल्या आणि मी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास तिचं नाव पुन्हा हिरवं दिसलं. तेव्हा "कशी झाली?" हे बोटांवर आलं होतं. त्या क्षणी तिला तेच विचारणारे पन्नास जण होते, आणि बाहेर आल्याआल्या प्रत्येक उत्तर चुकल्यासारखंच वाटतं. मी लिहिलं, "बाहेर आलीस? जेवलीस का?" दहा मिनिटांनी फोन आला. मागं रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. ती म्हणाली, "अजून नाही. थांब, रिक्षा थांबवते, मग सांगते सगळं."