पीएच मीटरचा ताबा देताना

समजा, केळव्याहून रोज बोईसरला जाणारे दोन सहकारी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सांडपाण्याचा पीएच मीटर मिळून सांभाळतात. त्यातला एक आता दुसऱ्या प्रकल्पावर चालला आहे. नोंदवही हातात दिली म्हणजे काम सोपवलं, असं होत नाही.

पहिल्या आठवड्यात जाणाऱ्याने मीटर तपासावा आणि राहणाऱ्याने पाहावं. दुसऱ्या आठवड्यात उलट. तपासणी अशी: इलेक्ट्रोड धुऊन आधी ७ आणि मग ४ पीएचच्या प्रमाण द्रावणात बुडवायचा. दुसऱ्यात ४.६ दिसलं, तर मीटर पुन्हा जुळवायचा.

वहीत नसलेल्या गोष्टी वेगळ्या लिहून द्याव्यात: आकडा स्थिरावायला किती वेळ लागतो, द्रावणाची बाटली कधी उघडली, इलेक्ट्रोड कोरडा का ठेवायचा नाही.

खरा धोका मधल्या दिवसांत असतो. ‘तो करत असेल’ असं दोघांनाही वाटतं. वहीत रोज ७.२ हाच आकडा दिसू लागला, की संशय घ्यावा; चुना किंवा आम्ल मिसळणाऱ्या टाकीत आकडा थोडा तरी हलतोच. म्हणून ताबा बदलण्याची तारीख ठरवावी, वहीत दोघांनी सही करावी आणि धोक्याच्या इशाऱ्याचा फोन त्याच दिवशी नव्या माणसाकडे वळवावा.